पद्मजाचा एक विनोद

“काय फुललीय! मिसेसना हिच्याखाली पुरलंत की काय?”

बोलून पद्मजा स्वतःच हसली. बाकी कुणीही हसलं नाही.

बदली होऊन ती पनवेलला एकटीच आलेली. करंजाड्याच्या या सोसायटीत माणसं जोडायची, हाच तिचा आधार. ओळखीसाठी मंडळी मागच्या बागेत जमली. सेक्रेटरी दीनानाथ आपण लावलेली जास्वंद दाखवत होते. “मिसेस दिसत नाहीत?” असं तिने विचारलं, तर सगळे गप्प. ती शांतता तिला सोसवेना, म्हणून हा विनोद.

“त्या आठ महिने बेपत्ता आहेत,” शेजारची रमा तोडून म्हणाली.

पद्मजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “माफ करा. मला माहीत नव्हतं. फार वाईट बोलले.”

दीनानाथ जास्वंद तशीच सोडून घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ती लिफ्टमध्ये शिरली की रमा बाहेर पडे. “कसल्या कसल्या लोकांना फ्लॅट देतात!” हे मुद्दाम ऐकू जाईल असं. भाजी चिरताना, दात घासताना पद्मजाला आपलंच बागेतलं वाक्य ऐकू येई आणि कान तापत. अखेर तिने मोठ्या बहिणीला, ऋचाला फोन लावला.

“माफी मागितलीस ना? मग पुन्हा मागू नकोस,” ऋचा म्हणाली. “नाहीतर त्यांनाच तुझी समजूत काढावी लागेल. आता कागदावर लिही, पण घडलं तेवढंच.”

“सगळे माझा तिरस्कार करतात.”

“ते घडलेलं नाही, ते तू धरून चाललीयस. विचार आला तर ढकलू नकोस. ‘आलास? पाच वाजता बघू’ म्हण आणि हातातलं काम धर. पाचला पंधरा मिनिटं हवं तेवढं उगाळ. आणि तोंड लपवून बसू नकोस. लोकांना तुझं वाक्य तुझ्याइतकं आठवत नसतं गं, ज्याला त्याला आपलीच पडलेली असते.”

पहिल्या दिवशी पाचची पंधरा मिनिटं तिला पुरली नाहीत. तिसऱ्या दिवशी सात मिनिटांतच कंटाळा आला. ती रोज खाली उतरली, रमाकडे बघून “नमस्कार” म्हणाली. रमाने उत्तर दिलं नाही, पण लिफ्टमधून उतरलीही नाही. पाचव्या दिवशी पाच वाजले, तेव्हा पद्मजा थालीपिठं लावत होती आणि तिला आठवणही झाली नाही. स्वतःवरच ती खूश झाली.

सहाव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात दीनानाथ. दाढी वाढलेली, डोळे लाल. हा माणूस आता भांडणार, असं तिला वाटलं.

“दीनानाथजी, मी चुकले. पण ते माझ्या डोक्यातून गेलंय. तुम्हीही सोडून द्या.”

“नाही जात,” ते म्हणाले. “त्या दिवसापासून डोळ्याला डोळा नाही.” त्यांनी आत येऊन दार लावून घेतलं. “खरं सांगा मॅडम, तुम्हाला कुणी सांगितलं?”