चार सेकंद शांतता

नोएडाच्या फ्लॅटमध्ये सलोनीने पंखा बंद केला, बाबांच्या कॉलरला माइक लावला. आई गेल्यावर तिने पावसाच्या आठवणींची कविता लिहिली होती. तिचा ती व्हिडिओ करत होती आणि त्यात तिला आवाज बाबांचा हवा होता. स्क्रिप्टमध्ये डावीकडे ओळी, उजवीकडे पडद्यावर दाखवायची चित्रं आणि वाचताना घ्यायचे थांबे. पहिल्यांदा बाबांनी उजवी बाजूही वाचली: “लाल छत्री, चार सेकंद शांतता.” “यार बाबा, ते बोलायचं नाही, तेवढं थांबायचं!” दोघं हसले. पुन्हा सुरुवात. “आईच्या छत्रीखाली पाऊस कधी शिरलाच नाही,” म्हणून बाबा थांबले. चार सेकंद सरले. सलोनीने खूण केली, तरी ते गप्पच. मग म्हणाले, “तुम्ही दोघी शाळेतून यायचात, मी गॅलरीतून बघायचो. छत्री सगळी तुझ्यावर असायची. आई चिंब भिजलेली.” सलोनीने रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. स्क्रिप्टमधली ‘लाल छत्री, चार सेकंद शांतता’ ही ओळ खोडून तिने उजवीकडे लिहिलं: “आईचा भिजलेला खांदा. बाबा बोलेपर्यंत शांतता.”