खैर मुबारक

“‘आपको भी’ म्हटलं तरी चालतं, भाऊसाहेब. पण आमच्या घरात जवाब एकच, खैर मुबारक.”

जुलेखाबी हे श्रीनाथला दर ईदेला सांगत. तो मान हलवी, शीरखुर्म्याची वाटी घेई आणि भिंतीपलीकडच्या आपल्या खोलीत परत येई. दर वर्षी शुभेच्छा आधी त्याच देत, आणि दर वर्षी याची जीभ अडखळे.

२००९ च्या रमजानात मात्र त्याने ठरवलं, या वेळी एक शब्द चुकणार नाही. निजामपुऱ्यातल्या वाचनालयातून तो पुस्तक घेऊन आला. चंद्र दिसला की ‘चाँद मुबारक’, नमाजनंतर ‘ईद मुबारक’. कुणी ‘तकब्बलल्लाहु मिन्ना व मिन्कुम’ म्हणालं, की तेच शब्द परत करायचे. अरबस्तानात ‘कुल्लु आम व अन्तुम बिखैर’ म्हणतात, त्याला ‘व अन्तुम बिखैर’.

त्याची बायको शुभदा हसली. शेजारणीसाठी एवढी अरबी कशाला, असं तिने विचारलं.

“चुकीच्या शब्दाने एखाद्याची ईद मोडते,” तो म्हणाला.

जुलेखाबींची ईद त्यांच्या मुलाच्या फोनवर उभी होती. तनवीर रियाधला गेला त्याला बरीच वर्षं झाली. तिथे चंद्र आधी दिसतो, म्हणून त्याचा फोन भिवंडीच्या ईदेच्या आदल्या दिवशी येई. एका वर्षी तो आलाच नाही, तेव्हा जुलेखाबींनी चूल पेटवली नव्हती, पुढे पंधरवडाभर अंथरूण धरलं होतं. त्यानंतर मात्र फोन चुकला नाही. लाइन खरखरायची, त्यांना ऐकूही कमी येई, तरी त्यांना तेवढं पुरे.

यंदाही आदल्या दिवशी दुपारी श्रीनाथ भाजीला म्हणून बाहेर पडला आणि इकडे फोन वाजला. जुलेखाबींचा आवाज गल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटातही शुभदाला ऐकू आला. तो परतल्यावर ती त्याला म्हणाली, बी आज खुशीत आहेत.

सकाळी ईदगाहवरून माणसं परतू लागली तसा श्रीनाथ जुलेखाबींच्या दारात उभा राहिला. त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “ईद मुबारक, बी.”

“खैर मुबारक.” मग त्यांनी वाटी पुढे केली.

दारात पोरं ईदी मागत गोळा झाली होती. प्रत्येकाच्या हातावर कोरी नोट ठेवत त्या श्रीनाथला सांगू लागल्या, काल फोनवर आपणच आधी मुबारक दिली, तर पलीकडून कसा साफ जवाब आला, खैर मुबारक, अम्मी.

“शिकला म्हणायचा,” श्रीनाथ वाटीत बघत म्हणाला.

“हो. मेहनत दिसते.” जुलेखाबींनी उरलेली एक कोरी नोट त्याच्या हातात ठेवली आणि वरून मूठ मिटली. “पण माझा तनवीर जवाब दिल्याबरोबर ईदी मागायचा. पुढच्या वर्षी तेवढं विसरू नका, भाऊसाहेब.”