डिरटचं नाव

सारजाबाईंनी आपल्या पुस्तकाचं प्रूफ टेबलावर आपटलं. शाईची बाटली हलली.

"पाचव्या प्रकरणापासून डिरट कुठं गेली?"

छापखान्याचे मालक वीरभद्रप्पा हसले. "बसा की बाई. कुटं जाईल? लगीन झालं, नाव बदललं. लेरवी केलं. सासरी शोभतंय."

भवानी पेठेतल्या त्या खोलीत मागं ट्रेडलचं छपाईयंत्र चालू होतं. कोंडीबा पायानं ते हलवत एकेक कागद घालत होता. त्यानं मान वर केली नाही. एकतीस ठिकाणी अक्षरांचे खिळे बदलले होते ते त्यानंच.

सारजाबाई हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवत. त्या बसल्या नाहीत.

"गोष्टीतल्या राज्यात घराणी तीन. गडकऱ्यांची नावं 'अट'नं संपतात. थोरल्याचं, म्हणजे वारसाचं, 'ड'नं सुरू होतं. डोरट, डिरट. धाकट्यांना 'ड' मिळत नाही. कोरट, गिरट. नदीकाठच्यांच्या नावांत य, र, ल, व एवढीच व्यंजनं. जीभ कुठं अडायची नाही. वारस 'ले'नं सुरू, लेयवा. धाकटे वेरू, रूली. दलदलीतल्यांची नावं नाकातून, निमन, मोनन. पहिल्या पानावर लिहिलंय."

"वाचलंय की. पोरांच्या पुस्तकात इतकं कोन बगतंय?"

"तुम्ही तिला लेरवी केलंत. 'ले'. म्हणजे ती नदीकाठची वारस झाली. मग तिचा नवरा वेरू गादीसाठी कुणाशी भांडतो? आणि शेवटी ती तटाखाली उभी आहे. वरचा गडकरी अंधारात विचारतो, कोण? ती फक्त नाव सांगते. नाव ऐकून तो दोर सोडतो. लेरवी म्हटल्यावर तो दोर सोडेल की दगड?"

"एक वाक्य घाला. 'मी पूर्वीची डिरट,' असं."

"पूर्वीची नाही!" सारजाबाईंचा आवाज चढला. वर्गात तो कधी चढत नसे. "या राज्यात लग्नानं नाव बदलत नाही. म्हणून तर गोष्ट आहे."

"बाई, हे सोलापूर हाय. पुस्तक घरोघर जानार. सून सासरी आपलंच नाव मिरवती, हे पोरींनी वाचायचं व्हय?"

तेवढ्यात गुरम्मा, वीरभद्रप्पांची आई, चहा घेऊन आली. तिला अक्षरओळख नव्हती. सारजाबाई तिच्याकडे वळल्या.

"अव्वा, मी नावं सांगते. कोण कुणाच्या घरचं ते तुम्ही सांगा. डोरट. रूली. कोरट. लेयवा. गिरट. वेरू."

गुरम्मानं ट्रे खाली ठेवला. "डोरट, कोरट, गिरट एका घरचे. दगडावर दगड आपटल्यागत. बाकीचे दुसऱ्या घरचे. पान्यागत."

"डिरट?"

"ती दगडाकडची. थोरली असंल, त्या डोरटवानी. आवाज जड हाय."

"आणि तिला पाण्याकडं दिली तर?"

"दिली तर दिली. आवाज कुटं जातोय?" गुरम्मानं मुलाकडं कप सरकवला. "का रं?"

वीरभद्रप्पांनी कप घेतला नाही. "अव्वा, तुला त्यातलं कळत न्हाय. लगीन झालं की बाईचं नाव सासरचं. तुझं नाय का बदललं? काय बिगडलं?"

सारजाबाईंनी लाल पेन उघडलं. पहिल्या लेरवीवर रेघ मारली. कागद फाटला.

"काय बदललं होतं?" त्यांनी विचारलं.

"म्हंजे?"

"अव्वांचं. आधीचं नाव काय होतं?"

वीरभद्रप्पांनी आता कप ओढला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मग टेबलावरच्या प्रूफकडं.

"त्याला कुटं ठावं?" गुरम्मा म्हणाली. "माहेरी दुधनीला आमच्या आईनं मारलेली हाक ती. त्या हाकेनं बोलवनारं कुनी उरलं न्हाय. मला बी म्हनून बगावं लागंल."

तिचे ओठ हलले. यंत्राच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

कोंडीबानं ट्रेडलवरचा पाय काढला.