शेवट न सांगता

पावटे सोलता सोलता सासूबाईंनी सुनेनं लिहिलेलं कादंबरीचं परीक्षण ऐकलं. “म्हणजे मृत्युपत्र धाकट्या दिरानंच जाळलं तर! आता कादंबरी कशाला वाचू?”

शाल्मलीनं कपाळावर हात मारला. रविवारच्या पुरवणीसाठी लिहिताना तिनं शेवट कटाक्षानं टाळला होता. “कशावरून ओळखलंत, आई?”

“‘दिराचा पश्चात्ताप चटका लावून जातो’ असं तूच लिहिलंयस. काही केल्याशिवाय पश्चात्ताप कसला गं?”

शाल्मलीनं ते वाक्य खोडलं. गोष्ट सांगणारे दोन परिच्छेदही उडवले. मग लिहिलं, की ही कादंबरी एका घरातल्या अबोल्याची आहे. भांडणात वाक्यं लांबत जातात, मायेच्या जागी मात्र लेखिका दोन शब्दांत आवरतं घेते. मधला भाग रेंगाळतो खरा. पण चूल प्रत्येक प्रकरणात पेटते आणि तिच्याभोवती एकत्र जेवायला कुणीच बसत नाही.

तिनं वाचून दाखवलं. सासूबाईंचे हात थांबले होते.

“आण ते पुस्तक.”

“अहो, शेवट तर तुम्हाला कळलाय!”

“शेवट गेला खड्ड्यात. मला ती चूल बघायचीय,” म्हणत त्यांनी पावट्यांचं ताट सुनेकडे सरकवलं.