उतरलेला गंधार

रतिलालना जाऊन अकरा दिवस झाले तरी त्यांच्या बायकोच्या, लताबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. भेटायला येणाऱ्यांना तेच तेच सांगून त्या नुसत्या थकल्या होत्या.

संध्याकाळी चोपड्याचं भजनी मंडळ अंगणात बसलं. रतिलाल रोज केळीला पाणी देताना म्हणायचे तोच अभंग मंडळातल्या हिलालने पेटीवर धरला. दुसऱ्या ओळीत चाल वर चढली आणि लताबाई एकदम हमसून रडू लागल्या.

हिलालने पेटी थांबवली. “अक्का, मन्हं काही चुकनं का?”

“नाही भाऊ. तुमचा गंधार बरोबर लागला.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “यांचा तिथे कायम उतरायचा. शाळेत पोरांना गाणं शिकवते मी, घरी यांना तीस वर्षं टोकत आले. आताही ओळ चढली तसा माझा कान त्या उतरलेल्या सुरासाठी थांबला. तो आलाच नाही. तेव्हा कळलं, हे गेले.”

थोड्या वेळाने हिलालने अभंग पुन्हा पहिल्यापासून धरला. त्या जागेवर आल्यावर त्याने बोट शेजारच्या खालच्या पट्टीवर ठेवलं. मंडळातल्या दोघातिघांना तो सूर खटकला, त्यांनी माना वर केल्या.

भिंतीला टेकलेल्या लताबाईंचे डोळे मिटलेले होते.

“जरा वर घ्या ना,” त्या सवयीने म्हणाल्या.