चादरीची घडी

धुलाईघरातल्या वाफेत आम्ही दोघी मैत्रिणी ढगात उभ्या असल्यासारख्या, मध्ये पांढरी चादर.

"काल ग्रुपवर माझा व्हॉइस मेसेज ऐकून तू लिहिलंस, 'नेट अडकलं की ही?' ते मला ला... लागलं."

मैत्रीण चमकली. "अगं, पहिला हसरा चेहरा तूच टाकलास ना!"

"सगळ्यांसमोर काय रडू? म्हणून तुला एकटीला सांगतेय. बाकी खुशाल चेष्टा कर. माझ्या बो... बो..."

एरवी माझा अडलेला शब्द तीच पुरा करायची. आज चादरीची टोकं धरून ती नुसती थांबली.

"...बोलण्यावर नको."

ती जवळ आली, तिची टोकं माझ्या हातात दिली.

"चुकलं माझं. अजून काय राहिलंय ते सावकाश बोल. चादरी पुष्कळ आहेत."