बातमी आली का?

बसवकल्याणजवळच्या एका गावात, शाळेच्या पटांगणावर जनसुनावणी चालू होती. साखर कारखान्याला आपली डिस्टिलरी दुप्पट करायची होती. त्याआधी लोकांच्या हरकती ऐकून त्या नोंदवायच्या, असा कायदा होता.

मेंढरं राखणाऱ्या बाणूबाई उठल्या. "अठरा मेंढरं मेली साहेब. डिस्टिलरीचं काळं पाणी नाल्यात सोडायलेत."

कारखान्याच्या वकिलानं कात्रणांची फाईल पुढं सरकवली. "साहेब, तालुक्यात तीन पेपर, एक केबल चॅनल. वर्षभरात या पाण्याची एक ओळ कुठं नाही. चौघांनाही दिसलं नाही?"

पत्रकारांच्या खुर्च्यांत बसलेल्या ज्योत्स्नाची मान खाली गेली. ते चारही, तिचा पेपर धरून, कारखान्याच्या मालकाच्याच घरचे होते. तिसरा पेपर मागच्या पाडव्याला विकत घेतलेला. तिन्हींची पानं आता एकाच टेबलावर लागत, मथळे तेवढे बदलत. मेंढरांची बातमी तिनं फोटोसकट तीनदा पाठवली होती. तिसऱ्यांदा संपादक फोनवर म्हणाले होते, "पटत नसेल तर दुसऱ्या पेपरात जा. पण दुसरा आहे कुठं?"

"ही पोरगी आलती की!" बाणूबाईंनी बोट दाखवलं. "मेलेली मेंढरं बघून समदं लिहून नेलंय तिनं. तिलाच इचारा."

सुनावणी घेणारे अधिकारी तिच्याकडे वळले. "मॅडम, अशी बातमी आली होती का?"

ज्योत्स्ना उभी राहिली. पाठवली होती, छापू दिली नाही, एवढंच म्हणायचं होतं. समोर केबलचा कॅमेरा तिच्यावर रोखलेला. गळ्यात पेपरचं ओळखपत्र.

"नाही," ती म्हणाली. "आली नाही."

खोटं काहीच नव्हतं त्यात. अधिकाऱ्यांनी लेखनिकाला सांगितलं, "लिहा. तक्रारीला आधार आढळला नाही. उपस्थित पत्रकारांनीही दुजोरा दिला नाही."

बाणूबाई पदर सावरून खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसस्टँडवर त्यांनीच ज्योत्स्नाला हाक मारली. हातात पेपर होता.

"बाई, मला वाचाय येत न्हाई. काल मी बोलले ते आलंय का बघ बरं."

ज्योत्स्नानं पेपर घेतला. 'विस्ताराला ग्रामस्थांचा एकमुखी पाठिंबा'. सुनावणीबद्दल तिनं रात्री पाठवलेल्या मजकुरातलं एक वाक्यही त्यात नव्हतं.

"न्हाई आलं, मावशी."

"माझं नाव?"

"न्हाई."

"मंग ह्ये खाली येगळं, जाड अक्षरांत काय छापलंय?"

बातमीच्या शेवटी, कंसात, ठळक अक्षरांत छापलं होतं: ज्योत्स्ना कांबळे, बसवकल्याण.

तिनं त्यावर अंगठा ठेवला. बाणूबाई उत्तराची वाट बघत उभ्या होत्या.